तिखट, थंड दगड आणि मूळव्याधीचं ऑपरेशन

"तिखट खाल्लं की मूळव्याध होते, थंड दगडावर बसलं तरी होते, आणि एकदा झाली की ऑपरेशनशिवाय सुटका नाही. सगळ्यांना पाठवा." असा मेसेज फिरतोय.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला असतातच, शौच रोखून धरायला त्यांची मदत होते. रोज कुंथून जोर दिला, खडा होत राहिला, मोबाईल घेऊन कमोडवर बराच वेळ बसलं की त्या गाद्या रक्ताने फुगतात आणि खाली सरकतात, हीच मूळव्याध. गरोदरपणातही होते.

तिखटाने या गाद्या फुगत नाहीत. मिरचीतलं कॅप्सेसिन पूर्ण पचत नाही, बाहेर पडताना तिथल्या त्वचेला झोंबतं, म्हणून माणसाला वाटतं की यानेच झालं. फिशर म्हणजे चीर असेल तर मात्र तिखटाने त्रास खरंच वाढतो, आणि लोक फिशरलाही सरसकट मूळव्याधच म्हणतात, सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. शौचाला बसल्यावर चिरल्यासारखं दुखत असेल तर बहुतेक चीर असते, आतल्या मोडातून येणारं लालभडक रक्त सहसा न दुखता येतं.

थंड दगडाचं तर सोडूनच द्या, गारव्याने मोड येत नाहीत.

आता ऑपरेशन, कारण या भीतीपायी लोक वर्षानुवर्षं दुखणं लपवतात. समजा एखाद्याला शौचाच्या वेळी रक्त पडतं, मोड बाहेर येतो पण आपोआप आत जातो, ही दुसरी ग्रेड. इथे आधी फायबर दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत हळूहळू वाढवायचं, इसबगोल घेतलं तर सोबत भरपूर पाणी प्यायचंच, नाहीतर उलट जास्त अडकतं. काही आठवड्यांनीही रक्त थांबलं नाही तर डॉक्टर मोडाच्या मुळाशी छोटा रबर बँड बसवतात, तिथे वेदना कळणाऱ्या नसा जवळपास नसतात म्हणून भूल लागत नाही, थोडं जड जड वाटतं एवढंच. रक्तपुरवठा तुटून मोड साधारण आठवड्याभरात गळून पडतो, तेव्हा थोडं रक्त दिसू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे आधीच सांगायचं. मोड बोटाने आत ढकलावा लागतो ती तिसरी ग्रेड, तिथेही पुष्कळदा बँड चालतो. ऑपरेशन मुख्यतः मोड आत जातच नाही तेव्हा, किंवा मोठ्या मोडांवर बाकीचे उपाय फसले तर.

पण रक्त म्हणजे मूळव्याधच असं घरबसल्या ठरवू नका. काळपट शौच, वजन उतरणं, शौचाची सवय अचानक बदलणं, घरात आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यातलं काहीही असेल तर तपासणी करा, कोलोनोस्कोपी लागू शकते. आणि बँड लावल्यावर ताप आला, दुखणं वाढत गेलं किंवा लघवी अडकली तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.