पाण्यातले पाय

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. नातीच्या चित्रकलेच्या वहीत शाळेतून लाल शेरा आला: 'पाण्यातले पाय दिसत नाहीत. दुरुस्त करा.' पोर साडेपाच वर्षांची आहे हो!

चित्र आपल्या नाशिकच्या दुतोंड्या मारुतीचं. गोदावरीच्या पात्रातली ही उंच मूर्ती, पाणी तिच्या कुठवर चढलं त्यावरून आपण पूर मोजतो. पोरीने पाण्याखालचे पायही काढलेत. गंगापूर धरणातून पाणी सोडलं तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून बघून आली. लोक ओरडत होते, "कमरेला लागलं, कमरेला लागलं!"

आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवली मी. या वयाचं मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. भिंतीआडची माणसं काढेल, आईच्या पोटातलं बाळ काढेल. मारुतीला पाय आहेत हे तिला माहीत आहे, मग पाण्याखाली ते जातील कुठे? ल्यूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ सालीच हे लिहून ठेवलंय. आठ-नऊ वर्षांची झाली की पाय आपोआप झाकले जातील. बाईंना वर्गात ढीगभर मुलं सांभाळायची असतात, मान्य. पण मग शेरा कशाला?

सूनबाईंचं आणखी वेगळंच. पाणी काळं रंगवलंय, म्हणजे मूल आतून दुःखी, असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलंय म्हणे. मी पोरीला विचारलं, तर तपकिरी खडू हरवला होता! झोप, जेवण, खेळणंच बिघडलं असेल तर डॉक्टरांकडे जावं, नाही म्हणत नाही. पण नुसत्या एका खडूवरून?

आणि चिरंजीव! 'हिला देवाची आवड' म्हणून त्याने मारुतीचं रंगवायचं पुस्तक आणलं. तिने दोन पानं रंगवली आणि टाकून दिलं.

दुपारी वहीतले पाचही मारुती मी ओळीने मांडले. मारुती सगळीकडे तोच, घाईघाईत उरकलेला. बदलतंय ते पाणी: गुडघ्याला, मांडीला, कमरेला, छातीला, गळ्याला. शेजारी बारीक आडव्या रेघा, त्या मात्र जीव लावून काढलेल्या. काय मोठं काढलंय यापेक्षा प्रत्येक चित्रात काय बदलतं आणि हात कुठे रेंगाळतो, हे मी आधी बघते. 'हे काय काढलंस?' असंही विचारलं नाही, मुलं त्याने बिचकतात. म्हटलं, "इथे काय चाललंय, सांग ना." तर म्हणाली, "आजी, पाणी मोजतेय."

तिला मारुती नकोच होता, मोजायचं होतं!

मग पाऊस मोजायला आम्ही सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली कापली, बाहेरून पट्टी चिकटवली. बूड वेडंवाकडं असतं, म्हणून पट्टीच्या शून्यापर्यंत आधीच पाणी भरलं आणि बाटली गच्चीत मोकळ्यावर ठेवली. रोज सकाळी ती बघणार आणि वहीत रेघ मारणार. चित्र मी काढून देणार नाही.

आत्ता बघते तर बाईसाहेब रबर घेऊन मारुतीचे पाय पुसत बसलेल्या. एक पाय गेलाच. रबर माझ्या पदराला बांधून ठेवलाय. उद्या शाळेत मीच जातेय.