पहाटे तीन पंचविसाची खरेदी

माझ्या कपाटात लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचं एक लाल जॅकेट आहे. आतून अस्तर, गळ्यापर्यंत चेन. सोलापुरात असलं जॅकेट घालायचे दिवस किती? गड्ड्याच्या यात्रेला एखादी थंड रात्र मिळाली तर मिळाली. ते मी मागवलं मार्च महिन्यात. सहा हजार चारशे नव्याण्णव रुपयांना. तेव्हा पंख्याखालीही घाम निथळत होता.

ते कसं घेतलं गेलं, हे सांगण्यासाठीच ही पोस्ट लिहितोय. कारण लांबून क्लब धरणाऱ्या माणसाचा पैसा जातो कुठे, हे मला त्या एका रात्रीत कळलं.

6 मार्च 2025 ची पहाट. चॅम्पियन्स लीग, पॅरिसला पीएसजीविरुद्ध पहिला सामना. आपल्याकडे दीडला सुरू. अख्खा सामना पीएसजी आमच्या गोलवर तुटून पडलेली आणि आमचा गोलकीपर अलिसन एकटा भिंत होऊन उभा. शून्य-शून्य सुटलं तरी साखर वाटू, अशी अवस्था. शेवटी शेवटी सालाहच्या जागी हार्वी एलियट आला आणि 87व्या मिनिटाला पोराने पहिल्याच स्पर्शात गोल मारला. मी सोफ्यावर उभा. तोंडावर उशी दाबून ओरडतोय, कारण आत पोरं झोपलेली.

सामना संपला तेव्हा तीन वीस झाले होते. आता झोप कुठली? ग्रुपवर धडाधड मेसेज. आमचा सोलापूरचा ग्रुप जेमतेम तीस जणांचा, पण त्या वेळी तीनशे असल्यासारखा वाजत होता. तेवढ्यात एकाने जॅकेटची लिंक टाकली, खाली दुसऱ्याने लिहिलं, ‘घेतलं बे मी.’ कार्ड अ‍ॅपमध्ये सेव्ह होतंच. तीन पंचविसाला माझंही घेऊन झालं.

पुढच्या आठवड्यात परतीचा सामना. तोही दीडला, तो लांबला जादा वेळेत आणि मग पेनल्टीत. नुनियेझची अडवली, कर्टिस जोन्सची अडवली, आम्ही बाहेर. घड्याळात चार वाजून गेलेले. आणि त्याच वेळी नळाला पाणी! आपल्याकडे चार-पाच दिवसांआड येणारं पाणी कोणत्या वेळी येईल याचा नेम नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. बायको दारात उभी. म्हणाली, “अहो, बॉल सोडा आता, मोटार लावा.” डोळे पुसत पुसत टाकी भरली. जॅकेट त्याच दुपारी घरी आलं. कुरिअरवाल्या पोराने विचारलं, “काका, थंडीच्या गावाला निघालाय काय?”

तर मुद्दा असा, की हा खर्च दुकानात होत नाही. तो पहाटे होतो, जिंकल्यावर होतो आणि ग्रुपमध्ये होतो. हरल्यावर मी आजवर एक मोजासुद्धा विकत घेतलेला नाही. म्हणून ‘महिन्याला इतकेच खर्च करायचे’ असली बंधनं माझ्या कामाला आली नाहीत. कामाला आल्या दोन साध्या गोष्टी. अ‍ॅपमधून कार्ड काढून टाकलं; आता सोळा आकडे टाकायला उठून पाकीट शोधावं लागतं, आणि पाकीट बायकोच्या उशाजवळच्या कपाटात असतं. दुसरं, ग्रुपवर नियम केला : रात्री बारा ते सकाळी आठ कुणीही लिंक टाकायची नाही. सुरुवातीला शिव्या पडल्या. आता लोक सकाळी लिंक टाकतात आणि कुणी विचारतही नाही.

थोडं कापडाबद्दल बोलतो, कारण माझं पोट त्याच्यावर आहे. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये वीस वर्षं काढली. जर्सी दोन प्रकारची मिळते. खेळाडू घालतात तशी ती ‘प्लेअर व्हर्जन’, आणि आपल्यासारख्यांसाठी ‘फॅन व्हर्जन’. पहिली साधारण दीडपट महाग. लोकांना वाटतं महाग म्हणजे टिकाऊ. अहो, उलटं आहे! प्लेअर व्हर्जनचं कापड मुद्दाम हलकं, विरळ, अंगाला चिकटणारं. नव्वद मिनिटांच्या घामासाठी केलेलं. त्यावरचं बोधचिन्ह बहुधा उष्णतेने चिकटवलेलं असतं. आपण ते साबण लावून, ब्रशने घासून, सोलापूरच्या उन्हात वाळत घालणार आणि वरून गरम इस्त्री फिरवणार. दोन उन्हाळ्यांत कडा सुटतात, नंबराला भेगा पडतात. फॅन व्हर्जन जरा सैल असतं, चिन्ह बहुधा शिवलेलं असतं आणि पोट आत ओढून फोटो काढावा लागत नाही. कोणतीही घेतलीत तरी उलटी करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि छापलेल्या भागावर इस्त्री लावू नका.

नाव छापायचं की नाही यावर आमच्यात कायम भांडण. मी ‘नाही’ म्हणणारा. 27 एप्रिल 2025 ला स्पर्सला 5-1 हरवून आम्ही इंग्लंडची लीग विसाव्यांदा जिंकली. आमच्यातल्या एकाने त्याच रात्री ट्रेंटचं नाव आणि 66 नंबर छापून जर्सी मागवली. तो जाणार अशा बातम्या कधीच्या येत होत्या, पण घरचं पोरगं, लिव्हरपूलमध्ये जन्मलेलं, ते कशाला जाईल? 5 मे ला त्याने स्वतःच सांगितलं, चाललो. निघाला रियल माद्रिदला. नाव छापलेला माल परत घेत नाहीत. मित्र ती जर्सी आता रंगपंचमीला घालतो.

माझी जर्सी मी मेच्या शेवटी घेतली. हंगाम संपत आला की चालू जर्सीचे भाव उतरतात, कारण पुढच्या वर्षीची तयार असते. त्या वर्षी तर 1 ऑगस्टपासून नायकी जाऊन आदिदास येणार होती, त्यामुळे जुना माल निम्म्याहून कमी भावात पडला. जिंकलेल्या वर्षाची जर्सी, बिननावाची, फॅन व्हर्जन. वर्षाला एकच. दरवर्षी तीन-तीन नव्या जर्सी काढतात, त्यातली तिसरी तर आपण टीव्हीवर धड पाहतही नाही.

वाचलेल्या पैशाचं काय केलं विचाराल, तर पुण्याला गेलो. तिथे चाहते हॉटेलात मोठ्या पडद्यावर सामना लावतात. रात्री नऊचा सामना असला की परतीची हुतात्मा चुकते, मग मध्यरात्रीनंतरच्या सिद्धेश्वरची वाट पाहत स्टेशनवर बसायचं. अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून गाणं म्हणालो. घरी तोंडावर उशी दाबणाऱ्या माणसाला ते किती लागतं, ते पुण्या-मुंबईवाल्यांना नाही कळायचं.

दीडचे सगळे सामने मी आता पाहत नाही. साखळीतले सोडतो, सकाळी फोन न उघडता पूर्ण रेकॉर्डिंग बघतो (ग्रुप म्यूट, बातम्यांच्या सूचनाही बंद, नाहीतर स्कोअर कळतोच). बाद फेरीला मात्र साडेनऊला जेवून झोपायचं, सव्वाला गजर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ तासाने मागे जातं आणि साडेबाराचा सामना दीडला सरकतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेबाराला येतो. ही तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवतो. शेजारी बायकोने पाण्याचा वार लिहिलाय. तिच्या खाणाखुणा मात्र दर महिन्याला खोडाव्या लागतात.