अर्ध्या मार्काचा पीतांबर

अर्धा मार्क गेला. माझा नाही, मुलीचा. तिला त्याचं सोयरसुतक नाही, ती वरणभात खाऊन झोपली पण, आणि मी इथे बसून फणफणतोय.

नववीची घटक चाचणी, मराठीचा पेपर. 'सामासिक शब्दाचा प्रकार ओळखा' म्हणून शब्द दिला होता पीतांबर. हिने लिहिलं कर्मधारय, आणि नुसतं लिहिलं नाही, खाली विग्रहसुद्धा केला, 'पीत असे अंबर'. बाईंनी लाल पेनाने त्यावर आडवी काट मारली आणि बाजूला लिहिलं, बहुव्रीही. बस्स. का, कशावरून, काही नाही. मुलीने विचारलं तर म्हणे देवाचं नाव आलं की बहुव्रीही, लक्षात ठेव.

आता मी काय व्याकरणाचा पंडित नाही, पण हे ऐकून डोकं फिरलं. घरात बाजारात मिळणारं एक गाईड होतं, ते काढलं. कर्मधारयाच्या उदाहरणांत पीतांबर, ठसठशीत. म्हटलं सापडलं! पान उलटलं तर पलीकडे बहुव्रीहीच्या उदाहरणांत परत पीतांबर. एकाच गाईडमध्ये, एकाच माणसाने लिहिलेलं, आणि कुठे 'हा शब्द दोन्हीकडे का आहे' याची एक ओळ नाही. तरी मी ठरवलं की दोन्ही पानांची झेरॉक्स काढून वहीला पिन करून पाठवायची. बायको म्हणाली, अर्ध्या मार्कासाठी चार रुपये? मी म्हटलं प्रश्न तत्त्वाचा आहे. हे वाक्य आमच्या घरी ज्या ज्या वेळी बोललं गेलंय त्या त्या वेळी पैसे गेलेत, पण असो.

करी रोड स्टेशनच्या बाहेर एक झेरॉक्सवाला आहे, संध्याकाळी तिथे हीऽऽ गर्दी. माझ्या पुढे एक काका, हातात आधार, रेशन कार्ड, लाईट बिल, आणि प्रत्येकाच्या कितीतरी प्रती, म्हणजे बहुतेक कुठल्यातरी ऑफिसने त्यांना पार पिळून काढलेलं. माझ्या गाईडवर पिवळं हायलाईट दिसलं आणि काकांनी मान वळवली.

"समास का?"

"हो."

"शब्द कोणता?"

"पीतांबर."

काका पूर्ण वळले. मुंबईत माणूस रांगेत पूर्ण वळला म्हणजे समजायचं की आता आपली पुढची दोन लोकल गेल्या.

"यात ओळखायचं काय?"

मी सांगितलं, मुलगी म्हणते कर्मधारय, बाई म्हणतात बहुव्रीही.

"दोघी चूक," काका म्हणाले. "पीत म्हणजे काय?"

"पिवळं."

"अंबर?"

"वस्त्र."

"बरं. माझा पीतांबर लाल आहे."

मी गप्प.

"आमच्या चाळीच्या गणपतीची पूजा मीच सांगतो. आधीचा पीतांबर हिरवा होता, जरीकाठी, तो कापराने जळला. आताचा लाल. पिवळा मी जन्मात नेसलो नाही, मला पिवळा शोभत नाही. मग तुमच्या मुलीला विचारा, पीत असे अंबर कुठाय? नाहीच! आणि बाईंचं म्हणाल तर, पीतांबर मी नेसतो. देव नेसतो का? आमचा गणपती शाडूचा आहे, त्याचं धोतर रंगवलेलं असतं."

झेरॉक्सवाल्याने विचारलं, "काका, बॅक टू बॅक की सिंगल?"

"थांब रे, इथे वेगळंच चाललंय."

आता खरं सांगायचं तर काकांच्या या येडपटपणात थोडा दम आहे, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शब्द कसा जुळवला गेला हे विग्रह सांगतो, दुकानात आज त्याचा रंग कोणता मिळतो ते नाही सांगत. मराठीत पीतांबर म्हणजे सोवळ्याचं रेशमी वस्त्र असा अर्थ रूढ झाला, मग तो लाल पण असतो नि हिरवा पण. तेल शब्द तिळापासून आला तरी आपण खोबऱ्याचं तेल म्हणतोच की. त्यामुळे काकांचा पीतांबर लाल असला तरी समास पिवळाच राहणार. मी हे त्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे खोटं बोलणारा समास." यावर काय बोलणार.

एवढ्यावर थांबतील तर काका कसले. "आणि संधी?" म्हणाले. "संधी सोडवलीये का मुलीने?" सोडवली होती, पीत अधिक अंबर, त्याचा मार्क पूर्ण मिळालेला. काकांनी मान हलवली. "पिता अधिक अंबर. आकाश हा आपला पिता. जुन्या लोकांनी विचार करून शब्द केलेत." आणि पुरावा म्हणून पिशवीतून कापडाच्या दुकानाची पिशवी काढली, तिच्यावर छापलेलं, 'पितांबर, सोवळे, उपरणे'. ऱ्हस्व पि!

हे मात्र बघण्यासारखं आहे. संधी सोडवून झाली की पोरांना सांगतात परत जोडून बघा, जुळलं म्हणजे बरोबर. पण पीत आणि अंबर जोडलं तर अ अधिक अ मिळून आ होतो, आणि पिता आणि अंबर जोडलं तरी आ अधिक अ मिळून आ च होतो. सवर्णदीर्घ आहे, दोन्हीकडून तांबरच येणार. म्हणजे नुसतं जोडून बघण्याने काका सुटतात. ते अडकतात पहिल्या अक्षरात, कारण पीत मधला पी दीर्घ आहे आणि पिता मधला पि ऱ्हस्व, आणि संधी तर पुढे झालीय, तिने मागच्या वेलांटीला हात लावायचं कारणच नाही. म्हणून मूळ शब्द दीर्घ 'पीतांबर' आहे हे आधी बघायचं आणि मगच तोडायचं. आपण सगळे पिशवीवर, पाटीवर, लग्नपत्रिकेवर बिनधास्त ऱ्हस्व लिहितो आणि मग संधी सोडवताना आकाशातले वडील खाली येतात.

मागे एक मुलगी उभी होती, पाठीला सॅक, भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी. ती इतका वेळ हसत होती, मग म्हणाली, "दादा, क्लासच्या नोट्समध्ये कर्मधारय आहे, टेस्ट सिरीजच्या उत्तरात बहुव्रीही. मी दोन्ही पाठ केलंय. पर्याय बघते आणि ठरवते."

"आणि पर्यायांत दोन्ही असले तर?"

"मग देवाचं नाव घेते."

काकांना हे फार आवडलं. मला अजिबात नाही आवडलं. कारण हा काही इतका अवघड प्रश्न नाहीये हो! बघायचं एवढंच की शब्द ज्याच्याबद्दल बोलतोय तो स्वतः शेवटचं पद आहे का. 'पीतांबर फाटला' म्हटलं तर काय फाटलं? वस्त्र. पीतांबर हे एक अंबरच आहे, म्हणजे दुसरं पद महत्त्वाचं, पहिलं त्याचं विशेषण, झाला कर्मधारय. 'पीतांबर पावला' म्हटलं तर कोण पावला? विष्णू. विष्णू काही वस्त्र नाही, पीत आहे अंबर ज्याचे असा तो. दोन्ही पदं बाजूला राहिली आणि तिसराच कोणीतरी आला, म्हणून बहुव्रीही. फाटला की पावला, एवढं एक क्रियापद पेपरात छापलं असतं तर भांडण संपलं असतं. शाई कितीशी लागली असती?

आणि बाईंचा तो नियम, देवाचं नाव म्हणजे बहुव्रीही, तो तर आणखी डेंजर. लंबोदरला चालतो, लंब आहे उदर ज्याचे असा तो, कारण गणपती म्हणजे काही पोट नव्हे. पण महादेव घ्या. नाव शंकराचंच आहे ना? पण शंकर स्वतः देव आहे, महान असा देव, मग तो सरळसरळ कर्मधारय. बाईंच्या नियमाने उद्या पोरं 'महान आहे देव ज्याचा असा तो' लिहितील, म्हणजे शंकर देवच राहिला नाही, भक्त झाला! आणि कोणी काट पण मारणार नाही, कारण नियमात बसतंय.

मी हे सगळं रांगेत बोललो, जरा मोठ्याने, आणि काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही कुठे शिकवता का?" मी म्हटलं नाही, बँकेत आहे. "मग इतकं कशाला मनाला लावून घेता, माझी एक प्रत राहिलीये, जरा धरा हे," म्हणून त्यांनी लाईट बिल माझ्या हातात दिलं आणि मी ते धरून उभा राहिलो, तत्त्वासकट.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. माणूस मुंबईचाच. तेव्हापासून आजपर्यंत इतक्या लोकांनी इतकं लिहून ठेवलंय, आणि आपण पोरांना अजून सुटा शब्द फेकून विचारतो, ओळख पाहू. वाक्य नाही, संदर्भ नाही. शाळेत अर्धा मार्क गेला तर माझ्यासारखा रिकामटेकडा बाप चार रुपये घालवतो, पण त्या सॅकवाल्या मुलीचं काय? तिथे अशा एका प्रश्नावर यादीत नाव येतं किंवा जातं. मग उत्तरतालिका लागते, मग हरकती मागवतात, मग पोरं पुस्तकांची पानं जोडून पाठवतात, आणि गंमत बघा, पीतांबरच्या बाबतीत दोन्ही बाजूंना पानं मिळतात, दोन्ही खरी. मग कधी प्रश्नच रद्द, म्हणजे ज्याने नीट विचार करून सोडवला त्याचाही मार्क गेला. याला कोणी हसत असेल तर हसा बापडे, मला नाही हसू येत.

झेरॉक्स वहीला पिन केली, सोबत फाटला आणि पावला ही दोन वाक्यं लिहिली, खाली विनंती केली की दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत. फार सभ्य भाषेत लिहिलं, बायकोने दोन शब्द खोडायला लावले त्यानंतर तर फारच सभ्य.

आज वही परत आली. अर्धा मार्क जागेवरच, म्हणजे गेलेलाच. खाली बाईंची सही आणि एक ओळ, 'आदर्श उत्तरपत्रिकेत बहुव्रीही आहे. पालकांनी कृपया ढवळाढवळ करू नये.'

मी मुलीला म्हटलं, बघ, आता ढवळाढवळ कोणता समास ते विचार तुझ्या बाईंना. ती पांघरूण डोक्यावर ओढत म्हणाली, "बाबा, तो समास नाहीये, अभ्यस्त शब्द आहे. लाईट बंद करा."