अध्यक्ष आधी की पालकमंत्री?

"आत्या, आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. अध्यक्ष म्हणून पद्मश्री मिळालेले लेखक, उद्घाटनाला पालकमंत्री, शिवाय आमदार आणि मुख्याधिकारी. सुरुवातीला आधी नाव कुणाचं घ्यायचं? तुमच्या जर्मनीत कसं करतात?"

लेखकांचं. सभा एकदा अध्यक्षांच्या हाती दिली की पुढचा प्रत्येक जण त्यांना उद्देशून बोलतो. विधानसभेत खुद्द मुख्यमंत्री उभे राहिले तरी सुरुवात 'अध्यक्ष महोदय' अशीच होते. फक्त तुझं पहिलं वाक्य अध्यक्षीय सूचना आणि अनुमोदनाच्या आधी येणार असेल, तर तेवढ्यापुरतं 'नियोजित अध्यक्ष' म्हण. अनुमोदन झालं की 'नियोजित' गळून पडतं.

हे मी घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून निवृत्त झालेल्या माझ्या भाऊजींनी लगेच हरकत घेतली. राजशिष्टाचाराच्या यादीत मंत्री आहेत, पद्मश्री कुठेच नाही, असं त्यांचं म्हणणं. यादीबद्दल ते बरोबर आहेत. 1979 च्या केंद्राच्या यादीत भारतरत्नांना जागा आहे, पद्म पुरस्कारांना नाही. मुख्यमंत्रीसुद्धा स्वतःच्या राज्यात सातव्या क्रमांकावर असतात आणि राज्याबाहेर गेले की आठव्या. पण ती यादी सरकारी समारंभांसाठी आहे. तुमचा सोहळा शासनाचा असता तर पत्रिकेपासून कोनशिलेपर्यंत भाऊजींचंच ऐकावं लागलं असतं. वाचनालयाच्या सभेत मंत्री पाहुणे आहेत.

तुझ्या बाबांना वेगळीच चिंता. दादा म्हणाला, "साहेब नाराज झाले तर इमारतीचा निधी अडकेल, ते बघा आधी." त्याचा प्रश्न खरा आहे, पण नावांचा क्रम बदलून तो सुटत नाही. मंत्र्यांचा मान दुसऱ्या जागेवरूनही पुरेपूर राखता येतो: 'आजचे उद्घाटक आणि आपल्या जिल्ह्याचे पालकमंत्री' एवढं पूर्ण म्हणायचं, घाई करायची नाही. त्यांच्या स्वीय सहायकांना आदल्या दिवशीच सांगून ठेव, म्हणजे ऐन वेळी व्यासपीठावर चिठ्ठी येणार नाही.

आता आदरार्थी शब्द. आपल्या पत्रिकांत 'मा. ना. श्री. अमुकजी तमुक साहेब' असं छापतात. एकाच माणसाला पाच मान! मोठ्याने वाचताना नाव हरवतं, आणि चौथ्या मान्यवरापर्यंत सभागृहात कुजबुज सुरू होते. माणसामागे एकच शब्द पुरे. पदासाठी 'माननीय', वयासाठी आणि कर्तृत्वासाठी 'आदरणीय'. बाकीचा आदर क्रियापद सांभाळतं: 'आले आहेत', 'बोलतील'. 'पद्मश्री' नावाआधी लावू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये हे पुरस्कार वैध ठरवले, पण ते नावाच्या आगेमागे वापरायचे नाहीत हेही तिथेच सांगितलं. लेखकांच्या परिचयात मात्र तो पुरस्कार आवर्जून सांग. राष्ट्रपती भवनानेसुद्धा 2012 मध्ये देशातल्या समारंभांतून 'महामहिम' काढून टाकलं, मग आपण गावच्या व्यासपीठावर उपाध्यांची माळ कशाला ओवायची?

इथे स्टुटगार्टमध्ये वक्ता दोन-तीन जणांना पद आणि आडनावासह संबोधतो, उरलेल्यांना एका वाक्यात घेतो आणि विषयाला लागतो. डॉक्टरेट असेल तर ती आडनावाआधी येतेच. हा आटोपशीरपणा आपण मनापासून घ्यावा. पण इथे क्रम ठरतो तो हुद्द्यावरून. लेखकाला अध्यक्षस्थानी बसवून मंत्र्याआधी त्याला वंदन करायची आपली रीत मला इथे दिसली नाही, आणि ती सोडावी असं मला मुळीच वाटत नाही. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला म्युनिकहून भारताचे वाणिज्यदूत येतात, शहराच्या उपमहापौरही येतात. आधी कोण, यावर कार्यकारिणीत अजून एकमत नाही. मी यजमान शहराच्या बाजूने आहे, सचिव दूतावासाच्या.

तुझ्यासाठी मसुदा असा: "आजच्या सभेचे नियोजित अध्यक्ष आदरणीय (नाव), उद्घाटक आणि जिल्ह्याचे पालकमंत्री माननीय (नाव), आमदार (नाव), व्यासपीठावरील इतर मान्यवर आणि वाचक मित्रहो." मुख्याधिकाऱ्यांचं नाव स्वागताच्या वेळी येईलच, लोकांनी निवडून दिलेले आधी, नेमलेले नंतर. तुझ्यानंतरच्या वक्त्यांना आधीच सांगून ठेव की त्यांनी 'अध्यक्ष महोदय आणि मित्रहो' एवढंच म्हणावं. सहा जणांनी तीच यादी म्हटली तर त्यातच बराच वेळ जातो.

आमदार उशिरा आले तर रिकाम्या खुर्चीला संबोधू नकोस. ते बसले की पुढच्या निवेदनात त्यांचं स्वागत कर.