एका रेघेचा उपद्व्याप

"दहा-बारा ओळींचा तर गोषवारा आहे, त्याला कितीसा वेळ लागतो" असं म्हणत जे वैद्यकीय भाषांतराचं काम देतात ना, त्यांना एकदा समोर बसवून आकडे टाइप करायला लावले पाहिजेत. शब्दांचं काही नाही हो, प्रमाण विचलन, मध्यक वगैरे परिभाषा कोशात मिळून जातं. खरा ताप म्हणजे उणे चिन्ह.

समजा रक्तदाबाच्या गोळीचा अभ्यास आहे आणि त्यात ही ओळ आहे:

```
−2.1 mmHg (95% CI −4.3 to 0.1; p = 0.06)
```

म्हणजे गोळीवाल्या गटाचा दाब दुसऱ्या गटापेक्षा सरासरी २.१ने कमी, आणि ९५% विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक साधारण ज्या टप्प्यात असावा तो, उणे ४.३ पासून अधिक ०.१ पर्यंत. आता कीबोर्डवरचा साधा हायफन म्हणजे भलताच चावट, ओळ संपत आली की हा एकटाच वर लटकतो आणि आकडा जातो खालच्या ओळीत, मग प्रूफ वाचणारा कोणीतरी भला माणूस "ही कसली रेघ" म्हणून ती उडवतो, आणि ४.३ ते ०.१ उलटं दिसतंय म्हणून वर ०.१ ते ४.३ असं सरळही करून देतो. किती ती काळजी!

मूळ अंतरालात शून्य होतं, शून्य म्हणजे काहीच फरक नाही, म्हणून तर p, म्हणजे फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा आकडा येण्याची शक्यता, ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या वर होता. रेघ गेली, शून्य अंतरालाबाहेर पडलं, पण शेजारी ०.०६ तसाच बसलेला, म्हणजे एकाच कंसात दोघं एकमेकांना खोटं पाडतायत. अजून एक खूण आहे, दोन्ही टोकांची बेरीज करून निम्मी करायची. −४.३ आणि ०.१ची बेरीज −४.२, निम्मे −२.१, जमलं. सुधारून दिलेल्या अंतरालाचं निम्मं येतं २.२, म्हणजे गडबड. (ऑड्स रेशोसारख्या गुणोत्तराला हे चालत नाही, तिथे टोकांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं, आणि आकडे राउंड केलेले असले की शेवटचा अंक थोडा हलतोच.)

म्हणून मी आता हायफन वापरतच नाही, खरं उणे चिन्ह, युनिकोडमधलं U+2212, टाकते, ते आकड्याला चिकटून राहतं. आणि दोन टोकांमध्ये डॅश नाही, सरळ "ते" लिहिते, नाहीतर −४.३–०.१ मधली कुठली रेघ कशाची ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

एवढं करून पाठवलं तर काम देणाऱ्यांचा फोन. "मॅडम, ०.०६ म्हणजे गोळी निरुपयोगी, असंच लिहा ना, लोकांना कळेल." म्हटलं, अहो, फरक सिद्ध झाला नाही आणि फरक नाहीच यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, मी "सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता" एवढंच लिहिणार.

"बरं, मग ०.०६चं ०.०४ करून टाकू या का? तेवढंच जरा पॉझिटिव्ह वाटेल."