नव्वद रुपयांचा फेस

चिकू मिल्कशेक मागवला आणि ग्लासात वरचा अर्धा भाग फेस आला. चमच्याने तो बाजूला सारला, तर खाली चिकूच्या रंगाचं पाणी. मी दुकानदाराला म्हटलं, "अहो, यात शेक कुठाय?"

तो काही बोलायच्या आत शेजारचे काका सरसावले. त्यांच्या मिशीवर फेसाची दुसरी मिशी होती. "साहेब, फेस म्हणजे दुधाचा जोर! म्हशीची धार काढताना चरवीत फेस येतो की नाही?"

"धारेनं हवा आत शिरते म्हणून येतो, काका."

"म्हणजे म्हशीत जोर असतो म्हणूनच ना! पाणी घातलेल्या दुधाला येईल का असा फेस?"

"येतो."

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुम्ही शहरातले. आमच्या वडिलांनी दहा म्हशी पाळल्या." दुकानदार म्हणाला, "काका बरोबर बोलतायत." झालं, ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर.

आता वडिलांच्या म्हशींपुढे प्रथिनांचं काय सांगणार? हवेच्या बुडबुड्याभोवती दुधातली प्रथिनं पडदा धरतात, आणि स्निग्धांश तोच पडदा फोडतो. त्यामुळे कमी स्निग्धांशाच्या दुधाचा फेस जास्त टिकतो. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश दीड टक्का, फुल क्रीममध्ये सहा. दुकानात पिशवी डबल टोन्डची होती, मी वाचली होती. दीडशे मिली दुधात शंभर ग्रॅम बर्फ पडला आणि वितळला, की दीड टक्क्याचा एक टक्काही उरत नाही. बर्फानं भांडं अर्धं भरलेलं मी पाहिलं होतं. वर मिक्सर चालू ठेवून हा गृहस्थ दुसऱ्या गिऱ्हाइकाचं ऑनलाइन पेमेंट आलं का ते बघत उभा! मिक्सर जितका वेळ फिरेल तितकी हवा आत जाते, आणि पात्याच्या उष्णतेनं बर्फही लवकर विरघळतो.

घरी मी बर्फ घालतच नाही. चिकू सोलून, बिया काढून, फोडी फ्रीझरमध्ये कडक करायच्या. आधी त्या अर्धी वाटी दुधात वाटायच्या. इथे वेळ लागला तरी चालतो, कारण दाट गोळ्यात हवा फारशी शिरत नाही. मग गार फुल क्रीम दूध ओतून दहा-बारा सेकंद फिरवलं की बस्स. तरीही फेस आलाच, तर मिक्सर जास्त फिरला किंवा दूध पातळ होतं. पाच मिनिटांनी खाली पाणी सुटलं, तर फळ कमी पडलं.

हे सगळं काकांना सांगायला तोंड उघडलं, तोवर ते दुकानदाराला म्हणाले, "मला अजून एक. आणि यांना जरा फेस कमी घाल रे, पचत नाही त्यांना."

मी पैसे देताना भिंतीवरचा फलक वाचला: "बर्फाशिवाय शेक: २० रुपये जादा." म्हणजे पाण्याचे पैसे घ्यायचे, आणि पाणी नको म्हटलं तर त्याचेही!