चेंज एजंट म्हणजे सुट्टे देणारे का?

मागच्या महिन्यात संभाजीनगरला एका नेटवर्किंगच्या कार्यक्रमाला गेलो, एका हातात चहाचा कागदी कप, दुसऱ्या हातात समोसा, आणि समोरच्या काकांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "काही नाही, वाळूजला कंपनीत आहे, क्वालिटीला." तेवढ्यात काकांनी लिंक्डइनवर माझं प्रोफाइल उघडलं. वरती हेडलाइन: 'रिझल्ट ड्रिव्हन क्वालिटी लीडर | लीन एन्थुझिआस्ट | चेंज एजंट'. काका एकदा मोबाइलकडं बघायले, एकदा माझ्याकडं. मग अगदी प्रामाणिकपणे, "चेंज एजंट म्हणजे सुट्टे देणारे का?"

मी घाईघाईनं सांगितलं की आमच्याकडं शंभरात आठ पार्ट बाद व्हायचे, आता तीन होतात. काका खाली समरीत गेले, तिथं मीच लिहिलेलं, '70 टक्के रिजेक्शन कमी केलं'. "आठाचे तीन म्हणजे साडेबासष्ट की ओ," काका म्हणाले. तिथून पुढं समोसा घशाखाली उतरेना.

घरी येऊन चूक सापडली. हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात म्हणून मी ती सगळी भरली होती, आणि त्यातली एक ओळही माझ्या तोंडून निघत नव्हती. मोठ्यानं वाचून बघितलं तर त्या उभ्या रेघांचं काय करावं हेच कळेना. लिहिलेलं पाठ करून बोलायला गेलो तर पाढे म्हटल्यासारखं वाटायचं.

उत्तर लग्नात सापडलं. जालन्याच्या मामानं पंगतीत विचारलं, "करायलास काय तू नक्की?" आणि मी सहज बोलून गेलो, "मामा, गाडीचे ॲल्युमिनियमचे पार्ट ओततात ना, त्यात हवा अडकून आत बारीक भोकं पडतात आणि पार्ट बाद होतो, ती भोकं कुठून येतात ते शोधून बंद करतो." मामाला कळलं, बुंदी वाढणाऱ्यालाही कळलं असावं.

मग उलटं केलं. आधी हेच मोबाइलवर रेकॉर्ड केलं, अर्ध्या मिनिटात बसेपर्यंत कापलं, आणि त्यातली एक ओळ उचलून हेडलाइन केली: 'ॲल्युमिनियम कास्टिंगमधले ब्लोहोल शोधून रिजेक्शन कमी करतो'. समरीचंही तसंच, 2600 अक्षरांची सोय असली तरी 'आणखी बघा' दाबायच्या आधी दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून तिथं आधी भोकं आणि मग आठाचे तीन. सत्तर टक्के काढून टाकले (जिवावर आलं, खोटं कशाला बोलू). कंपनीचं आणि गिऱ्हाइकाचं नाव मात्र कुठंच नाही, ना तोंडी ना लेखी.

परवा पुन्हा गेलो. यावेळी समोसा आधीच खाऊन घेतला. एका माणसाला तेच अर्ध्या मिनिटाचं बोललो, त्यानं मोबाइल उघडला, वाचलं, आणि मान वरच केली नाही. मी म्हटलं, गेलं परत. तर तो बॅगेत हात घालून काहीतरी चाचपडत होता. कागदात गुंडाळलेला, मधोमध कापलेला एक पार्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला अन् म्हणाला, "हे बघा बरं, इथंच का पडतंय?"